आधीच प्रकाशित झालेल्या व्हिडिओ-मालिकेला एकसारखा इंट्रो, आउट्रो आणि एंड स्क्रीन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालिकेचे दहा-पंधरा भाग यूट्यूबवर गेल्यानंतर बहुतेकांना जाणवतं की प्रत्येक भागाची सुरुवात वेगळी आहे आणि शेवट तर कसाही झालेला आहे. तेव्हा मनात येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरण सगळीकडे एकच आहे : मी सांभाळत असलेली सायकल दुरुस्तीची १८ भागांची मालिका. तिचे पहिले सहा भाग चौदा सेकंदांच्या जुन्या इंट्रोचे, मधले सहा बिनइंट्रोचे आणि शेवटचे सहा चार सेकंदांच्या नव्या इंट्रोचे होते.

प्रकाशित व्हिडिओच्या सुरुवातीला नवा इंट्रो जोडता येतो का?

नाही. यूट्यूबवर एकदा चढलेल्या व्हिडिओची फाइल बदलता येत नाही. लिंक तीच ठेवून आतला व्हिडिओ नवा, असं तिथे होत नाही. यूट्यूब स्टुडिओमधल्या एडिटरमध्ये व्हिडिओचा भाग कापता येतो, चेहरा धूसर करता येतो, तिथल्या संग्रहातलं संगीत लावता येतं. पण बाहेरची क्लिप आणून आधी किंवा मागे जोडण्याची सोय नाही. इंट्रो हवाच असेल तर नवी फाइल बनवून नव्याने अपलोड करावी लागते. नव्या अपलोडला नवी लिंक मिळते, व्ह्यूज शून्यापासून सुरू होतात आणि जुन्या कमेंट जुन्याच व्हिडिओखाली राहतात.

व्हिमिओवर फाइल बदलण्याची सोय आहे आणि लिंक तीच राहते. मालिका तिथे असेल तर पुढचं बरंचसं लागू होत नाही.

मग प्रकाशित मालिका एकसारखी करायची तरी कशी?

जोडून नाही, कापून. हे लक्षात यायला मला वेळ लागला, पण सगळ्या कामाची किल्ली इथेच आहे. बारा भागांना नवा इंट्रो लावायचा म्हणजे बारा व्हिडिओ नव्याने चढवायचे. त्याऐवजी सहा भागांमधला जुना लांब इंट्रो कापला, तर बारा भाग थेट विषयाला हात घालणारे होतात आणि शेवटचे सहा चार सेकंदांचा इंट्रो असलेले राहतात. बघणाऱ्याला हा फरक खटकत नाही. खटकतो तो चौदा सेकंदांचा लोगो, विशेषतः सलग पाच भाग बघताना पाचव्यांदा तोच आला की.

शेवटाची गोष्ट वेगळी आहे. एंड स्क्रीन, म्हणजे शेवटी पुढचा व्हिडिओ किंवा सबस्क्राइब सुचवणाऱ्या चौकटी, हा फाइलचा भाग नसतो, यूट्यूब तो व्हिडिओवर वरून दाखवतं. म्हणून तो जुन्या व्हिडिओंनाही लावता येतो, बदलता येतो, काढता येतो आणि व्ह्यूज, लिंक, कमेंट यांना धक्का लागत नाही. मालिकेला एकसारखेपणा द्यायचा तर श्रम इथे घालावेत.

जुना इंट्रो कापताना नेमकं काय करायचं?

स्टुडिओमध्ये व्हिडिओ उघडून डावीकडच्या Editor मध्ये जायचं आणि Trim & cut निवडायचं. इंट्रो अगदी पहिल्या सेकंदापासून असेल तर सुरुवातीची कड आत ओढली की झालं. पण बऱ्याच व्हिडिओंमध्ये आधी दोन वाक्यं असतात आणि मग इंट्रो येतो. तिथे New cut घेऊन मधला तुकडा काढावा लागतो. माऊसने ओढण्यापेक्षा वेळेच्या चौकटीत आकडे टाइप करावेत, नाहीतर काप नेमका बसत नाही.

कापलेल्या जागी आवाज हळूहळू कमी-जास्त करण्याची सोय इथे नाही. दोन टोकं थेट एकमेकांना भिडतात. म्हणून काप बोलणाऱ्याच्या दोन वाक्यांमधल्या शांततेत पडला पाहिजे. इंट्रोचं संगीत पुढच्या वाक्याखाली थोडं रेंगाळत असेल, तर कापल्यावर तिथे संगीताची अर्धवट शेपटी ऐकू येते. मोबाइलच्या स्पीकरवर ती लपते, इयरफोनमध्ये लगेच कळते. माझ्या भाग ५ मध्ये असंच होतं. तिथे इंट्रोबरोबर पुढचं अर्धं वाक्यही कापलं. ते फक्त नमस्कार होतं, त्यामुळे काही गमावलं नाही.

सेव्ह केल्यावर प्रक्रियेला वेळ लागतो, कधी बराच. तोवर प्रेक्षकांना जुनाच व्हिडिओ दिसत राहतो. काप चुकला तर घाबरायचं कारण नाही, एडिटरच्या मेन्यूत Revert to original आहे.

एक मर्यादा आधी तपासून घ्या. एक लाखापेक्षा जास्त व्ह्यूज असलेल्या व्हिडिओत असे बदल सेव्ह होत नाहीत, असं होऊ शकतं. चॅनल यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्रॅममध्ये असेल तर ही अट लागत नाही. सहा तासांपेक्षा मोठ्या व्हिडिओंचीही हीच अडचण.

कापल्यावर डिस्क्रिप्शनमधल्या वेळा आपोआप बदलतात का?

बदलत नाहीत. आणि ही चूक लोकांच्या लक्षात राहत नाही, कारण व्हिडिओ तर छान दिसत असतो.

भाग ३, पंक्चर काढणं, हे उदाहरण घेऊ. पहिली नऊ सेकंदं ओळख, मग ००:०९ ते ००:२३ जुना इंट्रो. डिस्क्रिप्शनमध्ये असं होतं :

```
00:00 ओळख
00:23 लागणारी अवजारं
01:32 ट्यूब बाहेर काढणं
04:05 छिद्र शोधणं
07:40 पॅच लावणं
```

चौदा सेकंदं कापली. म्हणजे कापानंतरच्या प्रत्येक वेळेतून चौदा वजा. पण नुसती वजाबाकी केली तर दुसरी ओळ ००:०९ होते, आणि यूट्यूबच्या नियमानुसार या वेळांवरून टाइमलाइनवर पडणारा प्रत्येक अध्याय किमान दहा सेकंदांचा लागतो. एक अध्याय नऊ सेकंदांचा झाला की अख्खी यादी नियमात बसत नाही आणि टाइमलाइनवरचे अध्याय गायब होतात. म्हणून पहिल्या दोन ओळी एक केल्या :

```
00:00 ओळख आणि लागणारी अवजारं
01:18 ट्यूब बाहेर काढणं
03:51 छिद्र शोधणं
07:26 पॅच लावणं
```

बाकीच्या दोन अटी अशा की यादी ००:०० पासून सुरू व्हावी आणि तिच्यात किमान तीन वेळा असाव्यात.

डिस्क्रिप्शन झालं की पिन केलेली कमेंट बघा. तिथेही कोणीतरी, बहुतेक वेळा आपणच, "छिद्र शोधणं ०४:०५ ला आहे" असं लिहून ठेवलेलं असतं. दुसऱ्या भागांच्या डिस्क्रिप्शनमधून विशिष्ट सेकंदावर नेणाऱ्या लिंक दिल्या असतील तर त्याही चौदा सेकंद पुढे पडतात. सबटायटल्स प्रक्रियेनंतर एकदा मधूनच चालवून बघावीत, ओठ आणि अक्षरं जुळतात का ते.

एंड स्क्रीनसाठी शेवटी मोकळी जागाच नसेल तर?

खरा प्रश्न हाच आहे. एंड स्क्रीन व्हिडिओच्या अगदी शेवटच्या ५ ते २० सेकंदांवर बसतो. आउट्रो आधीपासून ठेवला असेल तर तेवढा वेळ हाताशी असतो. पण मालिका सुरू करताना कोणी याचा विचार केलेला नसतो, आणि शेवटी आउट्रो चिकटवायचा म्हणजे पुन्हा नवी फाइल, नवी लिंक.

म्हणून आधी मोजणी करा. प्रत्येक भागाची शेवटची वीस सेकंदं बघायची आणि दोनच गोष्टी टिपायच्या : शेवटचा कामाचा शब्द किती सेकंद आधी संपतो, आणि त्या वेळी पडद्याची कुठली बाजू रिकामी आहे. अठरा भागांना मला पाऊण तास लागला. सात भागांमध्ये शेवटच्या शब्दानंतर दहा सेकंद किंवा जास्त उरत होती, सायकलचं चाक फिरताना वगैरे. आठ भागांमध्ये पाच ते दहा सेकंद. आणि तीन भाग "हे झालं" म्हणताक्षणी संपत होते.

पहिले सात सोपे. तिथे दोन घटक, पुढचा भाग आणि सबस्क्राइब, दहा सेकंद. आठ भागांमध्ये फक्त पुढचा भाग, तोही पाच-सहा सेकंद. पाच सेकंदांत दोन-तीन चौकटी आल्या की बघणारा काहीच दाबत नाही; एकच चौकट असेल तर निदान काय करायचं ते कळतं.

उरलेले तीन. तिथे चौकट बोलण्यावरच येणार होती. त्यातल्या दोन भागांमध्ये शेवटची पाच सेकंदं नुसता चेहरा होता आणि पडद्याचा उजवा भाग मोकळा, तेव्हा एकच चौकट उजवीकडे ठेवली. तिसऱ्यात, भाग ११ मध्ये, शेवटच्या क्षणी ब्रेकच्या केबलची गाठ जवळून दाखवली होती. त्यावर चौकट ठेवणं म्हणजे शिकवलेलंच झाकणं. तो भाग एंड स्क्रीनशिवाय सोडला. शेवटाच्या थोडं आधी कोपऱ्यात लिंक दाखवणारं इन्फो कार्ड लावलं आणि पिन केलेल्या कमेंटमध्ये पुढच्या भागाची लिंक दिली. एकसारखेपणासाठी मजकुराचा बळी देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्या भागांना एकाच वेळी एंड स्क्रीन लावता येतो का?

स्टुडिओमध्ये अनेक व्हिडिओ निवडून शीर्षक, डिस्क्रिप्शन, टॅग वगैरे एकदम बदलता येतात, पण एंड स्क्रीन त्यात नाही. तो प्रत्येक व्हिडिओला वेगळाच लावावा लागतो. काम हलकं करणारी एक सोय आहे : एंड स्क्रीनच्या खिडकीतलं Import from video. एका भागावर मांडणी नीट बसवायची आणि बाकीच्या भागांमध्ये ती उचलून आणायची. चौकटींच्या जागा डोळ्याने जुळवत बसावं लागत नाही.

पण इथेच मी फसलो होतो. भाग १ मध्ये "पुढचा भाग" म्हणून भाग २ निवडलेला होता. ती मांडणी भाग ३, ४, ५ मध्ये आणली, सेव्ह केलं, पुढे गेलो. आठवडाभराने एका प्रेक्षकाने कमेंटमध्ये विचारलं की गिअरच्या भागानंतर पुन्हा पुन्हा हवा भरायलाच का पाठवता. मांडणीबरोबर निवडलेला व्हिडिओही आला होता आणि सगळे भाग दुसऱ्या भागाकडे बोट दाखवत होते. म्हणून मांडणी आणल्यावर पहिलं काम : त्या चौकटीतला व्हिडिओ बदलणं. नंतरचं काम : सुरू होण्याची वेळ त्या भागाच्या शेपटीप्रमाणे, म्हणजे शेवटी उरलेल्या वेळेप्रमाणे, पुढे-मागे करणं.

चौकटीत नेमका कोणता व्हिडिओ ठेवावा?

तीन पर्याय असतात : सर्वांत नवा अपलोड, प्रेक्षकासाठी योग्य वाटणारा, किंवा आपण निवडलेला ठरावीक व्हिडिओ. क्रमाने शिकवणाऱ्या मालिकेत तिसराच घ्यावा. पंक्चर शिकून झालेल्या माणसाला चॅनलवरचा काल टाकलेला भलताच व्हिडिओ दाखवला तर मालिका तिथेच तुटते. भाग सुटे असतील, कुठूनही बघता येण्यासारखे, तर दुसरा पर्याय चालतो आणि देखभालही लागत नाही.

सोळा-नऊ प्रमाणातल्या नेहमीच्या व्हिडिओवर चार घटकांपर्यंत परवानगी आहे. माझं मत विचाराल तर दोनच्या वर जाऊ नका.

काही व्हिडिओंना एंड स्क्रीनचा पर्यायच दिसत नाही. का?

व्हिडिओ किमान २५ सेकंदांचा लागतो. तो मुलांसाठी म्हणून नोंदवलेला असेल तर एंड स्क्रीन मिळत नाही. शॉर्ट्सनाही नाही.

चौकटी सगळीकडे एकाच जागी ठेवाव्यात का?

शक्य तितक्या भागांत, हो. पण बोलणारा माणूस काही भागांत डावीकडे आणि काहींत उजवीकडे बसलेला असतो, त्यामुळे एकच जागा ठरवली की अर्ध्या भागांत चौकट चेहऱ्यावर येते. मी दोन मांडण्या केल्या, एकमेकींच्या आरशातल्यासारख्या : एकीत पुढचा भाग उजवीकडे वर आणि सबस्क्राइब खाली, दुसरीत तेच डावीकडे. मोजणीच्या यादीत "रिकामी बाजू" हा रकाना याचसाठी होता. लावून झाल्यावर लॉगिन न केलेल्या ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवर, दोन्हीकडे बघा. छोट्या पडद्यावर चौकट मोठी वाटते आणि खालचं सबटायटल झाकलं जातंय का ते तिथेच कळतं.

नव्याने अपलोड करणं कधी योग्य?

व्ह्यूज अगदी थोडे असतील, बाहेर कुठे लिंक दिलेली नसेल आणि व्हिडिओत तशीही दुरुस्ती करायची असेल, तेव्हा. फक्त इंट्रोसाठी करू नका. माझ्या मालिकेत भाग ९ एवढाच नव्याने चढवला. त्यात चेन मोजण्याची पद्धत चुकीची सांगितली होती, ती सुधारायचीच होती. मग इंट्रो आणि बारा सेकंदांचा आउट्रोही जोडून टाकला.

असं करताना जुना व्हिडिओ डिलीट करू नका, अनलिस्टेड करा. कोणी लिंक जपून ठेवली असेल तर ती चालत राहते आणि तिथल्या कमेंटही टिकतात. तिथे नव्या भागाची लिंक देणारी कमेंट पिन करा. प्लेलिस्टमधून जुना काढून नवा त्याच क्रमांकावर ठेवा, कारण नवा व्हिडिओ आपसूक नवव्या जागी जाऊन बसत नाही. भाग ८ च्या एंड स्क्रीनमधला व्हिडिओही बदला. अपलोड करताना सबस्क्रायबर्सना सूचना पाठवण्याच्या पर्यायावरची खूण काढा, नाहीतर आधी पाहिलेला भाग लोकांना नवा म्हणून मिळतो.

मूळ फाइल हरवली आहे. यूट्यूबवरून उतरवून त्याला इंट्रो लावला तर?

स्टुडिओमधून डाउनलोड केलेली प्रत जास्तीत जास्त ७२०पी मिळते. ती पुन्हा अपलोड झाली की तिचं आणखी एकदा कॉम्प्रेशन होतं आणि बारीक दातेरी चाक, केबल, छापील अक्षरं यांच्या कडा पसरतात. गूगल टेकआउटमधून आधी प्रयत्न करा, तिथे मूळ स्वरूपातली फाइल मिळू शकते.

इंट्रो-आउट्रो जोडल्यावर आवाज पुढे-मागे होतो. काय चुकतं?

बहुतेक वेळा इंट्रोची फाइल आणि भागाची फाइल एका जातीच्या नसतात. एफएफएमपेग या कमांडने चालणाऱ्या साधनाने री-एन्कोड न करता जोडायचं तर कोडेक, रिझोल्यूशन, फ्रेम रेट, टाइम बेस आणि ऑडिओचा सॅम्पल रेट हे सगळं जुळावं लागतं. आधी तिन्ही फाइलींना, शेवटचं नाव बदलून, हे विचारा :

```
ffprobe -v error -show_entries stream=codec_name,width,height,pix_fmt,r_frame_rate,time_base,sample_rate,channels -of default=nw=1 part09.mp4
```

उत्तरं ओळीला ओळ जुळली, तर `list.txt` मध्ये तीन नावं क्रमाने लिहा :

```
file 'intro.mp4'
file 'part09.mp4'
file 'outro.mp4'
```

आणि जोडा :

```
ffmpeg -f concat -safe 0 -i list.txt -c copy part09_new.mp4
```

भाग ९ मध्ये इंट्रोचा ऑडिओ ४४१०० हर्ट्झचा आणि भागाचा ४८००० चा निघाला. अशा वेळी कमांड कुरकुर न करता पूर्ण होते, फाइल तयार होते, पण इंट्रोनंतर माणसाचा आवाज बदललेला लागतो किंवा ओठांशी जुळत नाही. सांध्यावर चित्र गोठणं ही फ्रेम रेट किंवा टाइम बेस न जुळल्याची खूण. उपाय एकच : इंट्रो आणि आउट्रो भागाच्या आकड्यांप्रमाणे पुन्हा एक्स्पोर्ट करायचे. भागाला हात लावायचा नाही, त्याची प्रत खराब होते.

इंट्रो दचकवण्याइतका मोठा वाजतो. यूट्यूब ते सारखं करत नाही का?

यूट्यूब पूर्ण व्हिडिओचा आवाज एकत्र मोजतं आणि फार मोठा असेल तर सगळा एका प्रमाणात खाली आणतं. आतल्या आत इंट्रो मोठा आणि बोलणं हळू असेल तर तो फरक त्याने जात नाही. म्हणून इंट्रोचं संगीत बोलण्याच्या पातळीला आणा, किंवा किंचित खालीच ठेवा.

संगीताबद्दल आणखी एक. तीच धून सगळ्या भागांमध्ये जाणार असते, त्यामुळे तिच्यावर कोणाचा कॉपीराइट दावा आला तर तो एकदम सगळ्या भागांवर येतो. धून ठरली की ती असलेला एक व्हिडिओ आधी प्रायव्हेट ठेवून अपलोड करा, तपासणी पूर्ण होऊ द्या, मगच बाकीच्यांना लावा.

कामाचा क्रम काय ठेवावा?

आधी मोजणी, मग कापाकापी, मग प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत थांबणं, त्यानंतर डिस्क्रिप्शनच्या वेळा आणि शेवटी एंड स्क्रीन. एंड स्क्रीन आधी लावून मग शेपटी कापली तर चौकटींच्या वेळा पुन्हा तपासाव्या लागतात. सगळे भाग एका दिवशी कापू नका. दोन कापा, प्रक्रिया झाल्यावर पूर्ण ऐका, मग पुढचे घ्या.

फायदा झाला का, हे कुठे बघायचं?

अॅनालिटिक्समध्ये प्रत्येक व्हिडिओसाठी पहिल्या तीस सेकंदांनंतर किती टक्के लोक टिकले ते दिसतं. कापण्याआधीचा आकडा वहीत लिहून ठेवा, कारण नंतर तुलनेला तोच लागतो. एंड स्क्रीनसाठी घटकांवर किती जणांनी क्लिक केलं ते वेगळं मिळतं. दोन भागांची तुलना करताना शेपटीची लांबी बघा. पाच सेकंदांच्या चौकटीकडून दहा सेकंदांच्या चौकटीइतकी अपेक्षा ठेवता येत नाही.

शेवटच्या भागाला काय लावायचं?

पुढचा भाग नसतो, म्हणून तिथे मालिकेची प्लेलिस्ट लावा. मधूनच आलेला माणूस त्यामुळे पहिल्या भागापर्यंत पोचतो. आणि कधी भाग १९ आला, तर तो प्रकाशित केल्याच्या दिवशीच भाग १८ उघडून प्लेलिस्टच्या जागी तो बसवा. मी ही नोंद नव्या भागाच्या अपलोडच्या यादीतच लिहून ठेवली आहे, थंबनेलच्या खालच्या ओळीत.